फ्रेंच सब्जंक्टिव्ह: नियम बाजूला ठेवा, वाक्याची सुरुवात पाठ करा

डेल्फ बी-१ या फ्रेंच भाषेच्या परीक्षेच्या लेखी पेपरात ४५ मिनिटांत किमान १६० शब्द लिहायचे असतात. तिथे सब्जंक्टिव्ह, म्हणजे क्रियापदाचं वेगळं रूप, कधी वापरायचं याची ‘इच्छा, शंका, भावना’ ही यादी आठवत बसायला वेळ नसतो. म्हणून सुरुवात आणि क्रियापद एका दमात पाठ करा. संध्याकाळी रंकाळ्याला फेरी मारताना मोठ्याने म्हटलं तरी चालेल.

पहिल्या आठवड्यात चारच सुरुवाती घ्या: ‘इल फो क’ (हवं, पाहिजे), ‘जेमरे क’ (मला आवडेल), ‘पूर क’ (म्हणून, यासाठी) आणि ‘बिअँ क’ (जरी).

त्यांच्यापुढे ‘पार्ले’सारखं नियमित क्रियापद जोडू नका. ‘मी’, ‘तू’, ‘तो’, ‘ते’ यांच्यासोबत त्याचं रूप बदलतच नाही, त्यामुळे चुकलं की बरोबर आलं हे कळत नाही. ज्यांचा बदल कानाला ऐकू येतो अशी क्रियापदं घ्या: ‘ए’चं ‘स्वा’, ‘फे’चं ‘फास’, ‘व्हा’चं ‘आय’, ‘व्हिअँ’चं ‘व्हिएन’. ‘इल फो क तू व्हिएन’ हे सलग तोंडात बसलं, की ‘तू व्हिअँ’ आपोआप खटकायला लागतं.

आता मराठीची मदत घ्या. ‘तू यावंस’ असं म्हणावंसं वाटलं, तर फ्रेंचमध्ये बहुधा सब्जंक्टिव्ह. ‘तू येशील अशी आशा आहे’ म्हटलं, तर नाही. म्हणूनच ‘जेस्पेर क’नंतर साधा भविष्यकाळ येतो: ‘जेस्पेर क तू व्हिअँद्रा’. सर्वांत जास्त चुका इथेच होतात, कारण आशा म्हणजे इच्छाच, असं वाटतं. ही युक्ती ‘बिअँ क’ला मात्र लागू पडत नाही. ‘ऊन असलं तरी’मध्ये मराठीत ‘-ावं’ कुठेच नाही, म्हणून ‘बिअँ किल फास शो’ जसंच्या तसं पाठच करा.

समजा, पॅरिसच्या मैत्रिणीला कोल्हापूरला बोलावणारं पत्र लिहायचंय. ‘तू यावंस, मला आवडेल’: ‘जेमरे क तू व्हिएन’. ‘पाऊस येण्याआधी आपण पन्हाळ्याला जायला हवं’: ‘इल फो क नू झालिओं आ पन्हाळा आव्हाँ किल प्लव्ह’. इथे ‘आव्हाँ क’ ही पाचवी सुरुवात आली. तिचं उलट ‘आप्रे क’ व्याकरणाप्रमाणे सब्जंक्टिव्ह घेत नाही. बोलताना बरेच फ्रेंच लोक तो लावतात, पण पेपरात तुम्ही लावू नका.

पत्रातच ‘मलाही पॅरिसला यायला आवडेल’ लिहायचं असेल, तर आवडणारी मीच आणि येणारीही मीच. अशा वेळी ‘क’ गाळून मूळ क्रियापद वापरा: ‘जेमरे व्हनीर आ पारी’. मराठीतही आपण इथे ‘मी यावं’ न म्हणता ‘यायला’ म्हणतो.

लिहून झालं की पत्रातला प्रत्येक ‘क’ शोधा आणि त्याच्या आधीचे शब्द पुन्हा वाचा. ‘ज पाँस क’ असेल तर साधं रूप, ‘ज न पाँस पा क’ असेल तर सब्जंक्टिव्ह. या तपासणीसाठी शेवटची पाच मिनिटं राखून ठेवा.