पाणी बंदची घोषणा: आधी वेळ, मग कारण

लाउडस्पीकरवरचं पहिलं वाक्य बहुतेकांचं निसटतं. म्हणून सुरुवातीला फक्त लक्ष वेधा, मग वार, वेळ आणि विंग सांगा. पाणी बंद असण्याचं कारण त्यानंतर, एका वाक्यात. "रात्री 12 पासून" असं म्हणू नका, कोणती रात्र यावर गोंधळ होतो. मजकूर असा ठेवा:

"नमस्कार, कृपया लक्ष द्या. उद्या, गुरुवारी, सकाळी 10 ते दुपारी 4 ए आणि बी विंगचं पाणी बंद राहील. गच्चीवरची टाकी धुवायची आहे. सी विंगचं पाणी सुरू राहील. पिण्याचं आणि बाथरूमपुरतं पाणी आज रात्रीपर्यंत भरून ठेवा. उद्या घराबाहेर पडताना सगळे नळ बंद करा, गीझरही बंद ठेवा. पुन्हा सांगतो: उद्या, गुरुवार, सकाळी 10 ते दुपारी 4, ए आणि बी विंग."

नळांची सूचना गाळू नका. कोरडा नळ उघडा आहे हे कळत नाही, आणि पाणी परत आलं की बंद घर भरतं. "आज रात्रीपर्यंत" हे शब्दही मुद्दाम आहेत. घोषणा सकाळी 9 वाजता केली तर सगळे एकदमच बादल्या भरतात आणि टाकी 10 च्या आधीच रिकामी होते. त्यामुळे आदल्या संध्याकाळी सांगा, सावकाश, दोनदा.

काम लांबलं तर 4 वाजण्याआधीच नवी वेळ जाहीर करा. पाणी सुरू झाल्यावर आणखी एक वाक्य लागतं: "सुरुवातीला हवा आणि गढूळ पाणी येईल, ते स्वच्छ होईपर्यंत पिऊ नका, गीझरही लावू नका."