उद्या इंटरव्ह्यू म्हणून नऊलाच आडवे होऊ नका

रोज साडेअकराला झोपणारा माणूस इंटरव्ह्यूच्या आदल्या रात्री नऊला अंथरुणात शिरला, तर बहुधा नुसता कूस बदलत राहतो. नेहमीच्या झोपेआधीचे दोन-तीन तास शरीर चांगलंच जागं असतं. फार तर अर्धा तास लवकर झोपा. त्याआधी पाच मिनिटं उद्याचं सगळं कागदावर उतरवा: डोंबिवलीहून सातची फास्ट, दादरला बदलून लोअर परळ, फाइलमध्ये मार्कशीट. मोबाइलवर नको, तिथे मावशीच्या शुभेच्छा टपकलेल्याच असतात.

वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही असं वाटलं, तर उठून मंद दिव्यात काहीतरी रटाळ वाचा. पेंग आली की परत या. घड्याळ पालथं ठेवा, ‘आता पाचच तास उरले’ या हिशेबानेच झोप उडते.