मोठ्या आवाजात स्पीकर फरफरतो: माझा अनुभव

नाशिकच्या पावसात भिजल्यापासून फोनचा स्पीकर ७० टक्क्यांच्या वर फरफरायचा. त्याखाली आवाज स्वच्छ. रीस्टार्ट, अपडेट करून वैतागलो. इक्वलायझर बंद केला तरी तेच, बाहेरची ॲप बंद ठेवणाऱ्या सेफ मोडमध्येही तेच. इअरफोनवर मात्र गाणं साफ, म्हणजे दोष स्पीकरपाशीच.

फोन बंद केला, स्पीकरची जाळी खाली धरली आणि कोरड्या मऊ टूथब्रशने हलकेच झाडली. जाळी वर असली तर धूळ आतच पडते. पिन नकोच, आवाज काढणारा स्पीकरचा आतला पडदा फाटतो. मग फोन चालू करून, जाळी खालीच ठेवून, १६५ हर्ट्झचा सूर अर्धा मिनिट वाजवला. पडदा जोरात हलला की थेंब बाहेर येतात. ते सुती कापडाने टिपले, फोन रात्रभर पंख्याखाली ठेवला. सकाळी पूर्ण आवाजातही फरफर नव्हती.

पूर्ण सुकूनही फरफर राहिली तर बहुधा पडदाच खराब असतो, स्पीकर बदलावा लागतो.