नळाला प्रेशर नाही? नळ बदलण्याआधी या चुका टाळा

स्वयंपाकघरातल्या नळाची धार बारीक झाली की बहुतेक जण आधी नवा नळ आणतात. प्लंबर तो बसवून देतो, पैसे घेऊन जातो आणि धार बारीकच राहते. अडथळा नळात होता की मागे कुठे, हे कुणी पाहिलेलंच नसतं. ते पाहायला एक बादली, घड्याळ आणि पान्हा पुरतो. ज्या नळाला पाणी नीट येतं आणि ज्याला येत नाही, त्या दोघांच्या वाटा जिथून वेगळ्या होतात, त्याच्या पुढेच अडथळा शोधायचा.

चूक पहिली: लाइन न ओळखता "घरभर प्रेशर कमी आहे" म्हणणं

बऱ्याच इमारतींत गच्चीवरच्या टाकीतून एकच पाइप खाली येत नाही. स्वयंपाकघराची लाइन वेगळी, बाथरूमची वेगळी आणि बोअरचं पाणी असेल तर फ्लशची आणखी वेगळी. त्यामुळे "बाथरूममध्ये तर छान येतंय" यावरून स्वयंपाकघराच्या नळाबद्दल काहीच कळत नाही. तुलना एकाच लाइनवरच्या दोन नळांची करायची. कोणता नळ कोणत्या लाइनवर आहे ते माहीत नसेल तर एकेका लाइनचा वॉल्व्ह बंद करून पाहा. हे वॉल्व्ह बहुधा डक्टमध्ये, बाथरूमच्या माळ्यावर किंवा ड्राय बाल्कनीत असतात. ड्राय बाल्कनीतला वॉशिंग मशीनचा नळ बऱ्याचदा स्वयंपाकघराच्याच लाइनवर निघतो, आणि तपासणीला तो फार कामाचा.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. टाकीतल्या पाण्याची पातळी नळापेक्षा दहा मीटर उंच असेल तेव्हा साधारण एक किलो प्रेशर मिळतं. टाकीखालच्या मजल्यावर ही उंची तीन-चार मीटरच भरते. तिथली धार पहिल्या दिवसापासून मऊ असेल तर तो चोकअप नाही. पूर्वी चांगली होती आणि आता उतरली, तरच अडथळा शोधायला निघा.

चूक दुसरी: डोळ्यांनी अंदाज घेणं

नळ थोडासा सोडला की चोकअप असलेली लाइनही ठीक वाटते, कारण पाणी कमी वाहत असताना अरुंद जागेतूनही ते सहज निघतं. नळ पूर्ण सोडल्यावर धार वाढतच नसेल, तर संशय खरा. दहा लिटरची बादली भरायला किती वेळ लागतो ते लिहून ठेवा. मग त्याच लाइनवरचा दुसरा नळही पूर्ण सोडा. पहिल्याची धार थोडी उतरणारच, पण ती एकदम मेली तर अडथळा दोघांच्या सामाईक पाइपात आहे. एकटा नळ चालू असतानाही बारीक आणि शेजारचा जोरात, तर दोष त्या नळाच्या फाट्यात.

चूक तिसरी: जाळी साफ केली की काम संपलं असं समजणं

एक उदाहरण सविस्तर पाहू. चार मजली इमारत, दुसरा मजला. गच्चीवरची टाकी धुतल्यानंतर स्वयंपाकघराच्या सिंकची धार बारीक झाली. दहा लिटरच्या बादलीला तीन मिनिटं लागली. ड्राय बाल्कनीतल्या नळाला, तोही त्याच लाइनवर, चाळीस सेकंद. म्हणजे टाकीपासून बाल्कनीच्या फाट्यापर्यंत सगळं मोकळं आहे. गच्चीवर जायची गरज नाही, शेजाऱ्यांना विचारायची गरज नाही.

आता उरले चार टप्पे: भिंतीतला पाइप, सिंकखाली भिंतीतून निघणारा छोटा वॉल्व्ह म्हणजे अँगल कॉक, तिथून नळापर्यंत जाणारा कनेक्शन पाइप आणि नळ. नळाच्या तोंडाची जाळी फडकं गुंडाळून पकडीने फिरवून काढली. आत बारीक वाळू आणि टेफ्लॉन टेपचा पांढरा तुकडा. जाळी धुतली. (पांढरा क्षार बसला असेल तर ती रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवावी.) पुन्हा मोजलं तर दोन मिनिटं चाळीस सेकंद. फरक पडला, पण थोडाच. बहुतेक जण इथे थांबतात आणि नळाला दोष देतात.

पुढची पायरी महत्त्वाची आहे, कारण तिने उरलेली वाट दोन भागांत तोडता येते. अँगल कॉक बंद केला, कनेक्शन पाइपचं वरचं, नळाकडचं टोक सोडवून बादलीत धरलं आणि कॉक पूर्ण उघडला. पाणी तसंच बारीक. म्हणजे नळ निर्दोष! मग खालचं टोकही सोडवलं, आता थेट कॉकमधून पाणी. तरीही बारीक, म्हणून कनेक्शन पाइपही सुटला. शेवटी लाइनचा वॉल्व्ह बंद करून अँगल कॉकच भिंतीतून काढला, खाली बादली धरली आणि वॉल्व्ह क्षणभर उघडायला लावला. भिंतीतून भरभरून पाणी आलं. अडथळा कॉकमध्येच होता: आतल्या अरुंद छिद्रात गाळ आणि टेफ्लॉनचा गोळा बसलेला. टाकी धुताना ढवळलेला गाळ लाइनीत उतरतो आणि पहिल्या अरुंद जागी अडकतो. कॉक साफ करून, नवी टेप लावून बसवल्यावर बादली एक मिनिट दहा सेकंदांत भरली. जाळीतून येणारं पाणी मोकळ्या नळाइतकं जोरात येत नाही, तेव्हा बाल्कनीच्या चाळीस सेकंदांची अपेक्षा इथे धरू नये.

भिंतीतूनच पाणी बारीक आलं असतं तर मात्र गोष्ट वेगळी. जुना जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाइप असेल तर आतून गंजून, क्षार धरून त्याचं भोक लहान होत जातं. तो धुऊन मोकळा होत नाही, बदलावाच लागतो.

चूक चौथी: गरम-थंड वेगळं न पाहणं

मिक्सरला थंड पाणी जोरात आणि गरम तेवढं बारीक येत असेल, तर मिक्सर खोलण्याआधी गिझरकडे बघा. गिझरचा अँगल कॉक अर्धवट बंद असतो, किंवा इनलेटला पाणी उलट जाऊ न देणारा जो नॉन-रिटर्न वॉल्व्ह असतो त्यात गाळ बसतो, किंवा बोअरच्या पाण्याने आउटलेटला क्षार धरलेला असतो. हात लावण्याआधी गिझरचा मेन स्विच बंद करा आणि पाणी निवू द्या. दोन्ही बाजू बारीक असतील तर संशय मिक्सरच्या आत गरम-थंड पाणी मिसळणाऱ्या कार्ट्रिजवर आणि जाळीवर.

चूक पाचवी: पूर्ण लाइन बारीक असताना पंप लावणं

एका लाइनवरचे सगळेच नळ बारीक असतील तर आधी वरच्या-खालच्या शेजाऱ्यांना विचारा. फक्त तुमच्याकडेच असेल तर तुमच्या लाइनचा वॉल्व्ह पाहा. बॉल वॉल्व्हची दांडी पाइपाच्या रेषेत हवी. जुन्या गेट वॉल्व्हमध्ये आतली पाती दांड्यापासून सुटून खाली पडते. चाक फिरत राहतं, वॉल्व्ह उघडलाय असं वाटतं आणि वाट अर्धी बंदच असते. चाक दोन्हीकडे फिरवूनही पाण्यात फरक पडत नसेल तर हेच झालंय. प्रेशर पंप लावून हा अडथळा जात नाही, उलट जुन्या जोडांवर ताण येतो. पाइपात ॲसिड ओतणं तर अजिबात नको: तेच पाणी पुढे अंगावर आणि पोटात जातं.

सगळ्या मजल्यांवर धार बसली आणि नळ फुरफुरत असतील तर टाकी रिकामी झाल्यावर लाइनीत हवा अडकलेली असते. त्या लाइनवरचे नळ तळमजल्यापासून सोडून दहा-पंधरा मिनिटं वाहू द्या आणि ते पाणी बादल्यांत भरा. तरीही वारंवार होत असेल तर गच्चीवर टाकीच्या आउटलेटजवळचा, वर उघड्या तोंडाचा उभा पाइप बघा. हवा जायला ठेवलेल्या त्या पाइपाला कुणीतरी टोपण लावलेलं सापडतं.