पोट शांत असतानाच कोलोनोस्कोपी: पीएससीच्या रुग्णाने वर्षाच्या तपासण्या कशा लावाव्यात

समजा, ३४ वर्षांच्या एका गृहस्थांना अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याची दीर्घकाळ चालणारी सूज आहे. गोळ्या चालू आहेत, रक्त पडत नाही, पोटाची तक्रार नाही. विम्यासाठी रक्त तपासलं तर अल्कलाइन फॉस्फटेज, म्हणजे पित्ताची वाट अडली की रक्तात वाढणारं एन्झाइम, नेहमीच्या तिप्पट. मग एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकांचा एमआरआय काढला. त्यात पित्तनलिका कुठे आवळलेल्या, कुठे फुगलेल्या, मण्यांच्या माळेसारख्या दिसल्या. निदान झालं प्रायमरी स्क्लेरोझिंग कोलँजायटिस, म्हणजे पीएससी: पित्तनलिका सुजून, व्रण धरून आवळत जाण्याचा आजार.

पीएससीच्या दर दहा रुग्णांपैकी साधारण सात जणांच्या आतड्याला सूज असते, बहुतेकांना अल्सरेटिव्ह कोलायटिस. मात्र हा कोलायटिस फसवा असतो. तो बऱ्याचदा उजव्या बाजूला जास्त आणि गुदाशयात कमी असतो, त्यामुळे रक्त, घाई असा त्रास फारसा जाणवत नाही. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका मात्र नुसत्या कोलायटिसपेक्षा बराच जास्त.

म्हणून पहिलं काम: निदान झाल्याबरोबर पूर्ण कोलोनोस्कोपी. पोटाची तक्रार नसली तरी, आणि आतडं वरून चांगलं दिसलं तरी बायोप्सी घ्यायला सांगा. कोलायटिस सापडला तर पुढे साधारण दर वर्षी. आपल्या गृहस्थांना आधीपासूनच कोलायटिस आहे, म्हणजे त्यांची वर्षं पीएससीच्या निदानापासूनच मोजायची. साध्या कोलायटिसमध्ये आठ वर्षं थांबतात तसं इथे थांबायचं नाही.

तारीख सूज शांत असतानाची घ्या. सुजलेल्या पेशी आणि कॅन्सरपूर्व बदललेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली एकमेकींसारख्या दिसू शकतात, मग रिपोर्टमध्ये 'अनिश्चित' असा शेरा येतो. जुलाबाच्या औषधाचा दुसरा डोस कंटाळून अर्धा टाकू नका. शेवटी शौचाला पिवळसर, पारदर्शक पाणी यायला हवं. गढूळ पाण्याखाली चपटा, फिकट डाग सहज लपतो, आणि शोधायचा असतो नेमका तोच.

दुसरी बाजू यकृताची. पित्तनलिकेच्या कॅन्सरसाठी आणि पित्ताशयासाठी मोठ्या माणसांत वर्षातून एकदा एमआरआय-एमआरसीपी करतात. मागच्या वर्षीची सीडी सोबत न्या, नुसता कागद नको; नवीन आवळलेली जागा कळते ती जुन्या चित्राशेजारी ठेवूनच. काही डॉक्टर सीए १९-९ ही रक्ततपासणीही सांगतात. ती पित्तनलिकेत जंतुसंसर्ग झाला तरी वाढते, आणि काही लोकांच्या शरीरात हा पदार्थ बनतच नाही, म्हणून तिच्या एकट्या आकड्यावर घाबरू नका, निश्चिंतही होऊ नका. पित्ताशयात पॉलिप दिसला तर तो लहान म्हणून सोडून न देता सर्जनचं मत घ्या.

कावीळ, नवी खाज, वजन उतरणं यांपैकी काही दिसलं तर वार्षिक तारखेची वाट बघू नका. थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. यकृत प्रत्यारोपण झालं तरी कोलोनोस्कोपीचं वेळापत्रक तसंच चालू ठेवायचं, कारण आतडं जुनंच असतं.