पैसे गेले, पण वीजबिल थकीतच

गावच्या घराचं १,३४० रुपयांचं वीजबिल मी पुण्यातून फोनवरच्या ॲपने भरलं. खात्यातून पैसे गेले, पण तिसऱ्या दिवशीही आईला बिल थकल्याचा मेसेज आला. घाईने दुसऱ्यांदा भरणार होतो, पण थांबलो.

वीज कार्यालयात मी बारा आकडी यूपीआय क्रमांक दाखवला, तर त्यांना त्यावरून काहीच सापडेना. खरं तर तो क्रमांक फक्त खात्यातून पैसे निघाल्याचं सांगतो. बिल मात्र भारत कनेक्टच्या, म्हणजे पूर्वीच्या भारत बिल पेच्या जाळ्यातून जातं: आपलं ॲप, मधली केंद्रीय यंत्रणा, मग वीज कंपनीच्या बाजूची संस्था. या वाटेचा क्रमांक वेगळा असतो. ॲपमधल्या पावतीवर तो `B-Connect Txn ID` या नावाने सापडला. आधी ग्राहक क्रमांक बिलाशी ताडून पाहिला. तो चुकला असता तर पैसे दुसऱ्याच्याच बिलात गेले असते. तो बरोबर होता. मग त्याच व्यवहारावर ॲपमधूनच तक्रार नोंदवली आणि मिळालेला तक्रार क्रमांक जपून ठेवला. चौथ्या दिवशी बिल भरल्याची नोंद झाली, तीही मूळ तारखेची. आईचा जीव भांड्यात पडला.