कन्नड खतावर फसून सही झाली? तीन वर्षांच्या हिशेबात या चुका टाळा

खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातलं खरेदीखत बहुतेक वेळा कन्नडमध्ये असतं आणि सही करणारा मराठी वाचणारा असतो. बॉण्ड रायटर दोन वाक्यांत मराठीत सांगतो, आपण मान डोलावतो, अंगठा किंवा सही होते. फसवणूक नेमकी त्या दोन वाक्यांत शिरते. माझ्याकडे येणाऱ्या माणसांची बाजू बऱ्याचदा खरी असते, पण ती आलेली असतात चौथ्या वर्षी.

एक नमुना घेऊ. खानापूर तालुक्यातल्या एका विधवा बाईंनी रस्त्याकडेची २० गुंठे विकायचं ठरवलं, सहा लाखांना. १४ जून २०२२ ला खत झालं. खतात मात्र लिहिलं होतं त्यांचं सगळं रान, म्हणजे १ एकर २० गुंठे. ३ फेब्रुवारी २०२३ ला पीककर्जासाठी पहाणीचा उतारा काढला तेव्हा त्यांचं नाव उडालेलं दिसलं.

करार कायद्याच्या भाषेत ही कलम १७ ची फसवणूक आहे. अशी संमती घेतलेला करार कलम १९ प्रमाणे रद्द होण्याजोगा असतो. पण तो आपोआप रद्द होत नाही, आणि लोक पहिली चूक इथेच करतात. ‘फसवून घेतलं म्हणजे खत खोटंच, त्याला कसली मुदत?’ हे वाक्य मी शंभरदा ऐकलंय. फरक असा आहे. साक्षीची सही म्हणून सांगितलं आणि कागद निघाला बक्षीसपत्र, तर कागदाचं स्वरूपच लपवलं. असा दस्त मुळातच निरर्थक म्हणून झगडता येतो. पण खरेदीखत आहे हे माहीत होतं, फक्त आत किती जमीन आहे त्याबद्दल खोटं सांगितलं, तर ती मजकुराबद्दलची फसवणूक. तो दस्त कोर्टाने रद्द करेपर्यंत उभा राहतो. हा भेद सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली आपल्याच शेजारच्या विजापूर भागातल्या एका बक्षीसपत्राच्या खटल्यात सांगितला. आपल्या बाई दुसऱ्या गटात बसतात, म्हणजे त्यांना मुदत लागू आहे.

मुदत कायद्याच्या अनुच्छेद ५९ मध्ये दस्त रद्द करण्यासाठी तीन वर्षं दिलेली आहेत. मोजणी सुरू होते ती रद्द करण्याचा हक्क देणारी हकीकत पहिल्यांदा कळली तेव्हापासून. बाईंच्या हिशेबाने ३ फेब्रुवारी २०२६ पर्यंत वेळ आहे. पण समोरचा वकील गप्प बसणार नाही. तो म्हणेल, ‘फेरफाराची नोटीस ऑगस्ट २०२२ मध्ये तुमच्या घरी आली, पोच आहे. तेव्हाच कळलं.’ किंवा ‘खताची नक्कल त्याच दिवशी तुम्हाला दिली, घरात कन्नड शिकलेली नात आहे.’ फसवणुकीत मुदत कायद्याचं कलम १७ थोडा आधार देतं, पण तिथेही वाजवी काळजी घेतली असती तर कधी कळलं असतं, हा प्रश्न येतोच. म्हणून माझा सल्ला सरळ असतो: ‘कळलं’ ही तारीख वादात पडणार असं धरा आणि शक्य असेल तर सहीच्या तारखेपासून तीन वर्षं मोजा. बाईंसाठी ती १४ जून २०२५. त्याच्या आत दावा पडला की तो वादच राहत नाही. आणि कळल्याचा पुरावा, म्हणजे तो उतारा तारखेसकट आणि बँकेने परत केलेला अर्ज, जपून ठेवा.

धमकीच्या बाबतीत हिशेब आणखी कडक आहे. मारण्याची धमकी देऊन सही घेतली असेल तर धमकी तुम्हाला त्याच क्षणी माहीत असते. घड्याळ सहीच्या दिवशीच चालू होतं आणि पुढे दोन वर्षं भीती होती म्हणून थांबत नाही. कोर्टात केस घालीन एवढंच म्हटलं असेल, तर ती सहसा कायद्याच्या अर्थाने जबरदस्ती ठरत नाही, हेही लक्षात ठेवा.

आता बाईंनी काय केलं बघा. आधी पोलिसात तक्रार दिली, मग तहसीलदारांकडे अर्ज, मग वकिलाची नोटीस. या तिन्हींत दीड वर्ष गेलं. यातली एकही गोष्ट दिवाणी दाव्याची मुदत थांबवत नाही. चुकीच्या कोर्टात प्रामाणिकपणे दावा लढवला असेल तर तो काळ मुदत कायद्याच्या कलम १४ खाली वजा होऊ शकतो, पण पोलीस ठाणं कोर्ट नव्हे. विलंब माफीचा अर्जही इथे चालत नाही. तो अपिलांसाठी आणि अर्जांसाठी आहे, मूळ दाव्यासाठी नाही. सब-रजिस्ट्रारकडे एकट्याने रद्दपत्र नोंदवायला जाणं तर निव्वळ पैशाची नासाडी. समोरच्याची संमती नसेल तर वाट दिवाणी कोर्टाचीच.

दुसरी चूक जास्त घातक होती. मध्यस्थ जानेवारी २०२४ मध्ये घरी आला, म्हणाला, ‘काकी, वाद नको, हे पन्नास हजार वरचे घ्या.’ काकींनी चेक घेतला आणि खात्यात भरला. फसवणूक कळल्यानंतर खताचा फायदा घेतला तर समोरचा म्हणतो, तुम्ही व्यवहार मान्य केलात. विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम २७ प्रमाणे असा मान्य केलेला करार मोडायला कोर्ट नकार देऊ शकतं. असा चेक आला तर भरू नका, पोच ठेवून परत करा. आधीच भरला असेल तर ती रक्कम दाव्यात देऊ करा. कोर्ट दस्त रद्द करताना मिळालेला फायदा परत करायला लावू शकतंच, म्हणून पैसे परत करायची तयारी पहिल्याच कागदात लिहिलेली चांगली. बाईंना सगळं खत मोडायची गरजही नाही. २० गुंठे त्यांनी खरंच विकली होती. कलम ३२ खाली खत अंशतः रद्द मागता येतं.

दाव्यात ‘फसवणूक झाली’ एवढंच लिहून भागत नाही. कोण, कोणत्या दिवशी, कुठे, काय शब्दांत खोटं बोललं ते लिहावं लागतं, नाहीतर समोरचा पहिल्या तारखेलाच बोट ठेवतो. त्याबरोबर जमीन पुढे विकू नये म्हणून मनाईचा अर्ज लगेच द्या. मधल्या काळात कुणी प्रामाणिकपणे, पूर्ण किंमत देऊन घेतली तर सोडवणं अवघड होतं.

शेवटची गोष्ट सीमाभागातलीच. बाईंचे भाऊ कोल्हापुरात राहतात, खरेदीदार कागलचा, म्हणून भावाने कोल्हापुरात दावा टाकायचा विचार केला होता. जमिनीचा हक्क ज्यात आहे तो दावा जमीन जिथे आहे तिथल्याच कोर्टात चालतो, म्हणजे इथे खानापूरच्या. तिथले कागद कन्नडमध्ये असतील, म्हणून खताचं मराठी भाषांतर पहिल्या आठवड्यातच करून घ्या आणि स्वतः वाचा. कोर्ट फी दस्ताच्या मालमत्तेच्या मूल्यावर आकारली जाते, तेवढी तजवीज आधी करा. फी जमत नाही म्हणून मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात धावपळ करणारे मी पाहिलेत.